रुग्णालयाचे अंतिम देयक कसे तपासावे

नियोजित शस्त्रक्रियेनंतर घरी निघालेल्या रुग्णाच्या हाती साधारणतः तीन कागद असतात. पहिला, भरती होण्यापूर्वी रुग्णालयाने दिलेला पॅकेजचा अंदाज. दुसरा, रुग्णालयाचे अंतिम देयक. तिसरा, विमा कंपनीचे अंतिम मंजुरीपत्र. दुसऱ्या कागदावरील रक्कम तिसऱ्या कागदावरील रकमेपेक्षा जवळजवळ नेहमीच मोठी असते. या दोहोंतील फरक ‘नामंजूर रक्कम’ म्हणून ओळखला जातो, आणि रुग्णालयाच्या खिडकीवर तो रुग्णाने भरावयाची रक्कम म्हणून पुढे केला जातो. पहिला कागद तोपर्यंत कोणाच्या आठवणीतही राहिलेला नसतो.

येथे एक मूलभूत गल्लत होते. विमा कंपनीने एखादी बाब नामंजूर केली याचा अर्थ एवढाच की ती रक्कम विमा कंपनी देणार नाही. ती रुग्णानेच द्यावयाची, असे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. नामंजूर झालेला रुपया तीन प्रकारचा असू शकतो: खरोखरच रुग्णाने द्यावयाचा, रुग्णालयाने मुळात मागावयासच नको होता असा, किंवा विमा कंपनीने चुकीने कापलेला. यांपैकी कोणता रुपया कोणत्या खात्यात जातो हे ठरविणे, हेच पडताळणीचे सारे काम होय. त्यासाठी वैद्यकीय ज्ञानाची फारशी गरज नसते. तिन्ही कागद शेजारी ठेवून ओळीने वाचण्याची मात्र असते.

तिन्ही कागद काय सांगतात

पॅकेज म्हणजे ठराविक शस्त्रक्रियेसाठी, ठराविक दर्जाच्या खोलीत, ठराविक दिवसांसाठी रुग्णालयाने सांगितलेली एकत्रित किंमत. तिच्या रकमेइतकेच महत्त्व तिच्याखालच्या दोन परिच्छेदांना असते: पॅकेजमध्ये काय समाविष्ट आहे आणि काय नाही. पॅकेज तोंडी सांगितले गेले असेल, तर पुढील तपासणीचा पायाच उरत नाही. म्हणून भरतीपूर्वीच तो अंदाज रुग्णालयाच्या शिक्क्यानिशी लेखी घ्यावा.

अंतिम देयकाचे दोन प्रकार असतात. एक संक्षिप्त, ज्यात ‘औषधे’, ‘साहित्य’, ‘इतर’ अशी मोजकी शीर्षके असतात. दुसरे तपशीलवार, ज्यात प्रत्येक वस्तू, तिची संख्या, तारीख आणि किंमत असते. पडताळणी केवळ दुसऱ्यावरून होऊ शकते, म्हणून ते मागून घ्यावे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तपशीलवार देयक मिळण्याचा हक्क नमूद केलेला आहे.

तिसरा कागद मंजुरीपत्र. विमा कंपनी किंवा तिच्या वतीने काम पाहणारा त्रयस्थ प्रशासक, म्हणजे टीपीए, हे पत्र रुग्णालयाकडे पाठवितो. त्यात एकूण देयक, कपाती, त्यांची कारणे आणि मंजूर रक्कम यांचा तक्ता असतो. रुग्णाला अनेकदा केवळ अखेरचा आकडा तोंडी सांगितला जातो. पत्राची प्रत मागावी, कारण त्यातील कपातीच्या कारणांवाचून पुढचे एकही पाऊल टाकता येत नाही.

‘समाविष्ट’ या शब्दाचा अर्थ

कपातीच्या कारणांत ‘न देय बाब’ हा शेरा सर्वांत अधिक वेळा आढळतो. त्याचा उगम समजून घेतला पाहिजे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने आरोग्य विम्यातील अशा बाबींच्या चार याद्या केल्या असून, आज बहुतेक पॉलिसींच्या पुस्तिकेत त्या परिशिष्टाच्या रूपाने आढळतात.

पहिल्या यादीत पॉलिसीत ज्यांचे संरक्षणच नाही अशा वस्तू आहेत: नातेवाइकांचे जेवण, दूरध्वनी, धुलाई, पोटाचा पट्टा, हातमोजे, तपशील न दिलेला कोणताही ‘किट’, इत्यादी. या बाबी विमा कंपनी देत नाही, आणि पॉलिसीला त्यासाठी वेगळे पुरवणी संरक्षण घेतलेले नसेल, तर सामान्यतः त्या रुग्णाकडे येतात.

उरलेल्या तीन याद्यांचे स्वरूप मात्र अगदी निराळे आहे. दुसऱ्या यादीतील बाबी खोलीच्या भाड्यात समाविष्ट मानावयाच्या असतात, उदाहरणार्थ फाइल उघडण्याचे शुल्क, कागदपत्रांचा खर्च, वातानुकूलन, भरतीच्या वेळचे किट. तिसऱ्या यादीतील बाबी शस्त्रक्रियेच्या शुल्कात समाविष्ट असतात: कापूस, गॉझ, शस्त्रक्रियेची पाती, कॅमेऱ्याचे आवरण. चौथ्या यादीतील बाबी उपचाराच्या खर्चात समाविष्ट असतात: नोंदणी शुल्क, स्पिरिट, लघवीची पिशवी.

येथे ‘समाविष्ट’ या शब्दाकडे नीट पाहिले पाहिजे. कापसाची किंमत शस्त्रक्रियेच्या शुल्कात आधीच धरलेली आहे, म्हणून विमा कंपनी ती पुन्हा देत नाही. मग ज्या कारणाने ती विमा कंपनीकडून दुसऱ्यांदा घेता येत नाही, त्याच कारणाने ती रुग्णाकडूनही दुसऱ्यांदा घेता येऊ नये. व्यवहारात मात्र ‘विम्याने नाकारले’ या एकाच शेऱ्याखाली चारही याद्या एकत्र केल्या जातात. पहिल्या यादीतील कपात आणि बाकीच्या तीन याद्यांतील कपात वेगवेगळी काढणे, हे पडताळणीतील पहिले काम.

एक उदाहरण

आता एक उदाहरण आरंभापासून अखेरपर्यंत तपासू. समजा, एका निवृत्त शिक्षिकेची पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली. तिची पॉलिसी पाच लाखांची असून, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे. रुग्णालय विमा कंपनीच्या जाळ्यातील आहे. रुग्णालयाने तिला ८५,००० रुपयांचे लेखी पॅकेज दिले: दोन खाटांची खोली, तीन दिवस, शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह, नेहमीची औषधे आणि शस्त्रक्रियेचे साहित्य. काढलेल्या पित्ताशयाची पेशीतपासणी आणि तीन दिवसांपुढील मुक्काम पॅकेजबाहेर होते.

तिसऱ्या दिवशी ताप आल्याने डॉक्टरांनी आणखी एक दिवस ठेवून घेतले. त्या दिवसासाठी तिने स्वतःच्या इच्छेने ६,००० रुपये भाड्याची स्वतंत्र खोली घेतली. निघताना जे आकडे समोर आले ते असे:

| बाब | देयक (रुपये) | मंजूर (रुपये) | फरक (रुपये) |
|---|---|---|---|
| पॅकेज | ८५,००० | ८०,००० | ५,००० |
| चौथ्या दिवसाची खोली | ६,००० | ५,००० | १,००० |
| चौथ्या दिवसाच्या तज्ज्ञांच्या भेटी | २,४०० | २,००० | ४०० |
| चौथ्या दिवसाची औषधे | ४,८०० | ४,००० | ८०० |
| शस्त्रक्रियेचे साहित्य | ७,२०० | ० | ७,२०० |
| पेशीतपासणी | १,८०० | १,८०० | ० |
| नोंदणी, फाइल, कागदपत्रे | १,१०० | ० | १,१०० |
| पोटाचा पट्टा, नातेवाइकाचे जेवण | १,७०० | ० | १,७०० |
| एकूण | १,१०,००० | ९२,८०० | १७,२०० |

भरतीच्या वेळी शिक्षिकेने २०,००० रुपये अनामत ठेवली होती. रुग्णालयाने त्यातून १७,२०० वजा करून २,८०० परत देऊ केले. आता ओळीने पाहू.

पॅकेजच्या ओळीतील ५,००० रुपये सर्वांत लक्षणीय आहेत, कारण त्यांच्यापुढे कोणत्याही वस्तूचे नाव नाही. जाळ्यातील रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यात प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर करारान्वये ठरलेला असतो. या शस्त्रक्रियेचा करारातील दर ८०,००० होता. ८५,००० हा रुग्णालयाचा सर्वसाधारण दर. मंजुरीपत्रात अशी कपात ‘दरातील फरक’ किंवा ‘रुग्णालयाची सवलत’ अशा नावाने येते. कॅशलेस मंजुरीपत्राच्या अटींत सहसा असे नमूद असते की, न देय बाबी सोडून, तसेच रुग्णाने पात्रतेपेक्षा वरच्या दर्जाची खोली घेतल्याने वाढलेला खर्च सोडून, रुग्णालयाने विमाधारकाकडून काही वसूल करू नये. सवलत रुग्णालयाने विमा कंपनीला दिली आहे. ती रुग्णाकडून भरून काढणे म्हणजे सवलत न देणेच होय. हे ५,००० रुग्णालयाच्या खात्यातील.

खोलीच्या ओळीत वाद नाही. मर्यादा ५,००० होती, खोली ६,००० ची घेतली. १,००० रुपये शिक्षिकेचे.

त्यानंतरच्या दोन ओळी एकत्र वाचावयाच्या आहेत, कारण तेथे ‘प्रमाणशीर कपात’ हे तत्त्व लागू केलेले आहे. अनेक रुग्णालयांत खोलीचा दर्जा वाढला की डॉक्टरांच्या भेटीचे शुल्कही वाढते. म्हणून मर्यादेबाहेरची खोली घेतल्यास विमा कंपनी केवळ भाड्यातील फरक न कापता, त्या खोलीमुळे वाढलेला इतर खर्चही त्याच प्रमाणात कापते. येथे ते प्रमाण ५,००० भागिले ६,०००, म्हणजे पाचषष्ठांश. तज्ज्ञांच्या २,४०० रुपयांचे पाचषष्ठांश २,००० झाले. रुग्णालयाच्या दरपत्रकात स्वतंत्र खोलीचे भेटशुल्क खरोखरच अधिक असेल, तर ही ४०० रुपयांची कपात योग्य आहे आणि ती शिक्षिकेकडे जाते.

औषधांची गोष्ट वेगळी. गोळीची किंमत खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलत नाही. नियामकाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार औषधे व वापरून टाकावयाचे साहित्य, शरीरात बसविलेली उपकरणे आणि तपासण्या यांना प्रमाणशीर कपात लावता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या शुल्कालाही ती लागू होत नाही, आणि ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलतच नाहीत तेथे तर मुळीच नाही. ४,८०० चे ४,००० करताना तोच पाचषष्ठांश वापरलेला दिसतो. हे ८०० रुपये विमा कंपनीच्या चुकीचे आहेत. अशी चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: निरनिराळ्या ओळींतील मंजूर रकमेला देयकाच्या रकमेने भागावे. औषधे किंवा तपासण्यांच्या ओळीतही खोलीच्या ओळीइतकेच प्रमाण निघाले, तर कपात यंत्रवत लावलेली आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिक्षिकेने स्वतंत्र खोली एकच दिवस घेतली, म्हणून कपातही त्या दिवसापुरतीच राहिली. पहिल्या दिवसापासून तीच खोली घेतली असती, तर शल्यचिकित्सकाच्या आणि शस्त्रक्रियागृहाच्या शुल्कावरही कपातीचा भार पडला असता, आणि तो योग्य कारणाने तिच्याच अंगावर आला असता. दिवसाला हजार रुपये अधिक, एवढाच हिशेब मनाशी करून वरची खोली घेणारे पुष्कळजण येथेच फसतात.

साहित्याच्या ७,२०० रुपयांचा तपशील मागितल्यावर त्यात पोटात दुर्बीण घालण्यासाठी वापरावयाच्या नळ्या, नलिका बंद करण्याच्या क्लिपा, निर्जंतुक आवरणे, गॉझ आणि हातमोजे अशा वस्तू निघाल्या. विमा कंपनीचा शेरा होता, ‘पॅकेजमध्ये समाविष्ट’. रुग्णालयाच्या स्वतःच्या लेखी अंदाजातही शस्त्रक्रियेचे साहित्य समाविष्टच होते. म्हणजे ही वस्तू पॅकेजमध्ये एकदा आणि साहित्याच्या ओळीत दुसऱ्यांदा आकारली गेली. कोणी म्हणेल, हातमोजे तर पहिल्या यादीत आहेत, ते तरी रुग्णाचे नव्हेत काय? पॅकेज नसते, तर ते तसे झाले असते. परंतु पहिली यादी विमा कंपनी काय देत नाही एवढेच सांगते. रुग्णालयाने कोणती किंमत आधीच घेतली आहे हे पॅकेजचा कागद सांगतो. म्हणून संपूर्ण ७,२०० रुपये रुग्णालयाच्या खात्यात जातात. लेखी अंदाज जपून ठेवण्याचे मोल या एका ओळीत दिसते.

नोंदणी, फाइल आणि कागदपत्रे यांचे १,१०० रुपये दुसऱ्या व चौथ्या यादीतील, अर्थात समाविष्ट बाबींचे, तेही रुग्णालयाचे. पोटाचा पट्टा आणि नातेवाइकाचे जेवण पहिल्या यादीतील आणि पॅकेजबाहेरचे. ते १,७०० रुपये शिक्षिकेचे.

आता बेरीज करू. शिक्षिकेने द्यावयाचे: १,००० अधिक ४०० अधिक १,७००, म्हणजे ३,१०० रुपये. रुग्णालयाने सोडावयाचे: ५,००० अधिक ७,२०० अधिक १,१००, म्हणजे १३,३०० रुपये. विमा कंपनीने पुन्हा विचारात घ्यावयाचे: ८०० रुपये. तिन्ही मिळून पुन्हा १७,२०० होतात, आणि ही बेरीज जुळणे हीच तपासणी पुरी झाल्याची खूण. औषधांचे ८०० रुपये रुग्णालयाचे न्याय्य येणे आहे. ते तूर्त शिक्षिकेने भरून विमा कंपनीकडे मागावेत. म्हणजे अनामतीतून ३,९०० वजा होऊन तिला २,८०० नव्हे, तर १६,१०० रुपये परत मिळावयास हवेत.

जेथे हा हिशेब लागू पडत नाही

ही पद्धत आंधळेपणाने वापरता येत नाही. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया दाह किंवा रक्तस्राव यांमुळे पोट उघडून पूर्ण करावी लागली, तर मूळ पॅकेज बहुधा संपुष्टात येते आणि प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे आकारणी होते. अशा वेळी पॅकेजवर बोट ठेवून उपयोग नाही. शस्त्रक्रियेची टिपणी आणि डिस्चार्ज कार्ड यांत तसा बदल नोंदलेला आहे की नाही एवढे पाहावे.

रुग्णालय जाळ्यातील नसेल, तर त्याचा विमा कंपनीशी दराचा करार नसतो. तेव्हा पॅकेजच्या ओळीतील फरक सोडून देण्याचे बंधन त्याच्यावर येत नाही. आधी पैसे भरून नंतर विमा कंपनीकडे मागणी करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

पॉलिसीत सहभागाची अट असेल, उदाहरणार्थ दहा टक्के, तर तो भाग रुग्णाचाच असतो. मात्र तो ग्राह्य रकमेवर मोजावयाचा असतो, संपूर्ण देयकावर नव्हे. वरील उदाहरणात तशी अट असती, तर १,१०,००० चे नव्हे, ९२,८०० चे दहा टक्के, म्हणजे ९,२८० रुपये मंजूर रकमेतून आणखी कमी झाले असते.

पॅकेजबाहेरच्या औषधांची तपासणी आणखी एका अंगाने करावी लागते. वॉर्डात मागविलेली सर्व औषधे वापरली जातातच असे नाही. उरलेली औषधे दुकानाकडे परत जातात आणि त्यांची वजावट देयकात दिसली पाहिजे. परिचारिकेच्या औषधतक्त्यात दिवसाला दोन इंजेक्शनांची नोंद असेल आणि देयकात चार असतील, तर परतीची पावती दाखविण्यास सांगावे.

केव्हा आणि कोणाकडे

अंतिम मंजुरी आल्यावर सामान बांधून उभे असताना तपासणी करणे फार कठीण. म्हणून डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळीच तोपर्यंतचे तपशीलवार देयक मागावे. पॅकेजशी विसंगत असलेल्या ओळी तेव्हाच लेखी दाखविल्या, तर देयक विमा कंपनीकडे जाण्यापूर्वीच दुरुस्त होऊ शकते. नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांच्या आत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यावयाची असते. त्याहून विलंब झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर तिचा भार विमा कंपनीवर पडतो. म्हणून विनंती किती वाजता पाठविली गेली याची नोंद ठेवावी.

तक्रार कोणाकडे न्यावयाची हे रुपया कोणत्या खात्यातील आहे यावर ठरते. रुग्णालयाच्या खात्यातील रकमेसाठी प्रथम देयक विभागाला लेखी अर्ज द्यावा आणि त्याची प्रत विमा कंपनीला पाठवावी, कारण जादा वसुली हा रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यातील कराराचाही भंग असतो. खिडकीवर ऐकले गेले नाही आणि पैसे भरावेच लागले, तर अर्जात ‘हरकत नोंदवून भरणा’ असे स्पष्ट लिहून पावती घ्यावी. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिलेला आहे.

विमा कंपनीच्या खात्यातील रकमेसाठी प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे. उत्तर असमाधानकारक असेल, किंवा महिन्याभरात उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार करता येते. लोकपाल विमा कंपनीविरुद्धची तक्रार ऐकतो, रुग्णालयाविरुद्धची नाही. वरील उदाहरणातील शिक्षिकेने सर्व १७,२०० रुपयांसाठी लोकपालाकडे धाव घेतली असती, तर तेथे विचार होण्याजोगे ८०० रुपयेच होते. उरलेल्या १३,३०० चा निकाल रुग्णालयाच्या देयक विभागातच, पॅकेजचा कागद दाखवून, लावावयाचा होता.